सावली कुठे पडली आहे?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला "तुझ्या व्यवसायातले काहीतरी सांग" अशी आज्ञा केली. मी आयुष्यभर नगर भूमापनात जमिनी मोजल्या. साखळी, फलकयंत्र आणि शेजाऱ्यांची भांडणे, यापलीकडे माझ्याजवळ सांगण्यासारखे काही नाही. पण गेल्या वर्षी या समितीनेच माझ्याकडे एक मोजणी सोपवली. ती जमिनीची नव्हती, एका फोटोची होती. तिचीच हकीकत सांगतो.

फोटो तुम्ही प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर पाहिला असेल. एका सहलीत नऊ मुले आणि आपले शिपाईमामा उभे आहेत. सहलीत स्वयंपाकाची आणि सामानाची जबाबदारी मामांकडे असे, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. मामा १९७४ साली गेले. त्यांची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. ताई आज इथे आल्या आहेत. वडिलांचा त्यांच्याजवळ असलेला हा एकमेव फोटो. मागे ना तारीख, ना गाव. ताईंचा प्रश्न अगदी साधा होता: "हा फोटो माझ्या जन्माआधीचा की नंतरचा?"

मामा शाळेबरोबर लांबच्या दोनच सहलींना गेले. १९७० च्या दिवाळीच्या सुट्टीत हैदराबाद आणि १९७२ च्या नाताळच्या सुट्टीत बंगळूर-म्हैसूर. फोटोत ओळखू आलेली तिन्ही मुले दोन्ही सहलींना होती, आणि चेहरे तांदळाच्या दाण्याएवढे आहेत, त्यामुळे वयावरून काही ठरेना. त्या तिघांपैकी एक म्हणतो, "शंभर टक्के हैदराबाद, मागे चारमिनार दिसतोय." दुसरा म्हणतो बंगळूर. तिसऱ्याला फक्त त्या दिवशी पायाला चप्पल लागली होती एवढेच आठवते. म्हणून मी ठरवले की आठवणी बाजूला ठेवायच्या आणि कागदावर जे आहे तेवढेच वाचायचे.

फोटो आहे आगफा क्लिक थ्री कॅमेऱ्याचा. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो निघायचे, आणि पैसे वाचवायला आपण ते मोठे न करता निगेटिव्हच्याच आकाराचे छापून घ्यायचो. म्हणजे फोटो जेमतेम सव्वादोन इंच. तो स्कॅन करून घेतला. त्यानंतरचे पहिले काम म्हणजे फोटो उलटा तर छापलेला नाही ना, हे पाहणे. निगेटिव्ह पालथी ठेवली गेली तर डावे उजवे होते आणि पुढचा सगळा हिशेब उलटतो. हे ओळखायला सोपे आहे. मुलांच्या शर्टाचा खिसा त्यांच्या डाव्या छातीवर आहे का, आणि पाटीवरची अक्षरे सुलट वाचता येतात का, हे पाहायचे. दोन्ही ठीक होते.

आता फोटोत काय आहे? डावीकडे दुकानांची लांब रांग दूरवर गेलेली. तिच्यासमोर चौकोनी फरशीचा पदपथ, त्याची कड सरळ मागे जाते. ती जिथे संपते तिथे एक पुसट, गोलसर माथ्याची वास्तू. दोन पाट्या अर्धवट दिसतात. पायांशी सावल्या आहेत आणि त्या आपल्याकडे, पण डावीकडे झुकून पडल्या आहेत. मामांच्या हातात कागदाचे एक पुडके आहे.

आधी पाट्या घेऊ. एका पाटीच्या शेवटी इंग्रजी ओ, आर, ई ही तीन अक्षरे आणि पुढे १ चा आकडा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. त्याआधी मोठ्या शहरांत गावाच्या नावापुढे विभागाचा आकडा लिहीत, जसे आपण 'पुणे २' लिहायचो. पाटीवर पिनकोड नाही म्हणून फोटो १९७२ च्या आधीचा, असे मात्र म्हणता येत नाही. रंगवलेली पाटी दुकानदार दहा-दहा वर्षे बदलत नाही. पाटीवर एखादी नवी गोष्ट असेल तर 'त्यानंतरचा' असे ठामपणे म्हणता येते. नवी गोष्ट नसेल, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

ओ-आर-ई ने संपणारी गावे तरी किती? म्हैसूर, बंगळूर, मंगळूर, कोइमतूर, वेल्लोर, नेल्लोर, सगळ्यांचे जुने इंग्रजी स्पेलिंग तसेच संपते. इथे दुसरी पाटी कामाला आली. तिच्यावर गोल वळणाची लिपी होती. तमिळ नव्हे, हे लगेच कळले, म्हणजे कोइमतूर आणि वेल्लोर गेले. उरली कानडी की तेलुगू ही शंका. आपल्याला दोन्ही जिलेबीसारख्या दिसतात, पण एक खूण लक्षात ठेवा. तेलुगू अक्षरांच्या डोक्यावर बहुधा गणित बरोबर आल्यावर गुरुजी करायचे तशी बरोबरची खूण असते. कानडीत त्याच जागी आडवी रेघ असते आणि तिचे उजवे टोक वळलेले असते. भिंगातून पाच अक्षरे दिसली आणि त्यांतल्या चारांवर आडवी रेघ स्पष्ट होती. शिवाय हैदराबादच्या बाजारातल्या इतक्या मोठ्या तुकड्यात उर्दू अक्षर एकही दिसू नये, हेही पटण्यासारखे नव्हते.

तरीही पाटीवर एकटीवर विसंबू नये. आपल्या गावात 'बॉम्बे टेलर्स' होते, म्हणून आपले गाव मुंबई होत नाही. दुकानाचे नाव मालकाची हौस सांगते, कधी मालाचे मूळ गाव सांगते. म्हणून नावापेक्षा पत्ता महत्त्वाचा आणि पत्त्यापेक्षा लिपी. मालक नाव काहीही ठेवील, पण रोजचे गिऱ्हाईक वाचू शकेल अशाच लिपीत रंगवून घेईल.

लिपीमुळे हैदराबाद मागे पडले, पण चारमिनारचे काय? हैदराबादचा पक्ष दुबळा नव्हता. चारमिनारकडे जाणाऱ्या पत्थरगट्टीच्या रस्त्यालाही दगडी कमानींच्या दुकानांची लांब रांग आहे. म्हणून त्या पुसट वास्तूकडे नीट पाहिले. चारमिनारला चार उंच मिनार आहेत, ते कितीही पुसट झाले तरी माथ्यावर चार टोके राहतील. फोटोत माथा एकच आणि गोल. शिवाय खाली बारीक खांब असून त्यांच्या मधून आभाळ दिसते. म्हणजे ही छत्री होती, आपल्याकडे समाधीवर किंवा पुतळ्यावर असते तशी.

कानडी मुलुख, सरळ रस्ता, बाजाराची लांब रांग आणि टोकाला छत्री. आपल्या तुकडीतला एक मित्र नोकरीनिमित्त म्हैसूरला गेला आणि तिथलाच झाला. त्याला फोन केला. वर्णन ऐकून तो म्हणाला, "अरे, हा सयाजीराव रोड. उजवीकडे देवराज मार्केट आणि समोर के. आर. सर्कल." बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या नावाचा हा रस्ता जवळजवळ दक्षिणोत्तर आहे. देवराज मार्केट त्याच्या पश्चिमेला, त्याच्या समोरच्या रांगेतली दुकाने पश्चिमेला तोंड करून. दक्षिणेच्या टोकाला कृष्णराज सर्कल, तिथे चौथ्या कृष्णराज वाडियार महाराजांचा पुतळा छत्रीखाली आहे.

जवळच चामराज सर्कललाही पुतळ्यावर छत्री आहे, म्हणून निव्वळ छत्री जुळली एवढ्यावर थांबायचे नव्हते. जागा जुळली असे केव्हा म्हणायचे? एकेक वस्तू जुळून भागत नाही, वस्तूंचा परस्परसंबंध जुळावा लागतो. आमच्या मोजणीत हेच तत्त्व आहे. जवळची एक कड आणि दूरचा एक खांब एका रेषेत दिसले, की बघणारा त्या रेषेवरच कुठेतरी उभा असतो. अशी दुसरी जोडी मिळाली की दुसरी रेषा मिळते, आणि दोन रेषा जिथे छेदतात तिथे कॅमेरा.

मित्राने फोटोची प्रत हातात धरून रस्ता चालायला सुरुवात केली. छत्रीचा डावा खांब दुकानांच्या रांगेच्या दर्शनी भागाच्या दूरच्या कडेला टेकलेला दिसायला हवा, ही पहिली रेषा. डावी-उजवीकडे सरकत त्याने ती साधली. मग त्या रेषेवर पुढे-मागे जायचे, आणि छत्रीची उंची दुकानांच्या रांगेच्या दूरच्या टोकाच्या उंचीशी फोटोतल्या प्रमाणात येईपर्यंत चालायचे. पुढे गेले की छत्री हळूहळू मोठी होते, पण जवळची दुकाने भराभर मोठी होतात, म्हणून हे प्रमाण एकाच ठिकाणी जुळते. दिव्याचे खांब, झाडे आणि पाट्या त्याने जमेत धरल्या नाहीत, कारण पन्नास वर्षांत त्या सगळ्या हलतात. इमारतीही हलतात म्हणा. २०१६ साली देवराज मार्केटचा उत्तरेकडचा, धन्वंतरी रोडच्या बाजूचा भाग कोसळला. आपल्या सुदैवाने फोटोतली रांग मार्केटसमोरच्या बाजूची आहे. जागा साधारण दहा पावलांच्या आत मिळाली. त्याहून बारीक सांगणे या फोटोवरून शक्य नाही.

आता सावली. जागा कळली होती, मग सावलीची गरज काय, असे तुम्ही विचाराल. गरज दोन कारणांनी. एक म्हणजे सावली हा स्वतंत्र साक्षीदार आहे. तिला पाटी वाचता येत नाही आणि छत्री ठाऊक नाही. जागा चुकीची असेल तर ती खोटे पाडील. आणि दुसरे म्हणजे ती ऋतू सांगते.

मोजायचे कसे? फोटोत लांबी तिरकी दिसते, त्यामुळे पट्टी लावून उपयोग नाही. पण फरशीचे चौकोन होते आणि चौकोन म्हणजे आयता आलेखकागद. एक मुलगा अगदी ताठ उभा आहे. त्याच्या टाचेपासून सावलीच्या डोक्यापर्यंत चौकोन मोजले. पदपथाच्या कडेला समांतर, म्हणजे आपल्या बाजूला, चार. आडवे, म्हणजे दुकानांकडे, पाच. आलेखकागदावर चार आणि पाच मांडा, त्यांचा कर्ण सुमारे ६.४ चौकोन भरतो आणि सावली कडेशी सुमारे ५१ अंशांचा कोन करते. मुलाच्या पायाशी असलेल्या चौकोनाची रुंदी त्याच्या उंचीच्या पाव होती. म्हणजे उंची चार चौकोन, सावली ६.४ चौकोन. सावली उंचीच्या दीडपटीहून किंचित जास्त. फरशी किती इंची होती हे कळायची गरजच पडली नाही.

आता कॅमेरा दक्षिणेकडे बघतो आहे हे मानले, तर सावली उत्तरेकडे आणि पूर्वेकडे पडली आहे. म्हणजे सूर्य नैर्ऋत्येला. वेळ दुपारनंतरची. पश्चिमाभिमुख दुकानांवर ऊन असायला हवे, आणि फोटोत दुकाने उजळलेली आहेतच. पहिली तपासणी पार पडली.

ऋतूचा हिशेब असा. म्हैसूर साधारण १२.३ उत्तर अक्षांशावर आहे. एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत तिथे माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि दुपारची सावली दक्षिणेकडे झुकते. त्यामुळे उन्हाळा बाद. पण नुसत्या दिशेवरून पुढे जाता येत नाही. मार्चमध्ये सूर्यघड्याळाच्या दुपारी एक वाजताही सावली कडेशी ५१ अंशच करते, आणि डिसेंबरच्या अखेरीस तीन वाजताही तेवढाच. फरक लांबीत आहे. मार्चमध्ये एक वाजता सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, सावली उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी पडते. डिसेंबरमध्ये तीन वाजता ती दीडपट पडते. फोटोतली सावली मुलाहून लांब आहे, हे तर शेंबडे पोरही सांगेल. म्हणून दिशा आणि लांबी दोन्ही पाहायच्या. एकट्या दिशेवरून महिना सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

नोव्हेंबरच्या आरंभी, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, सूर्याची ही दिशा सव्वादोनच्या आसपास येते आणि तेव्हा सावली जेमतेम उंचीएवढी असते. आपली दीडपटीहून जास्त आहे, म्हणजे तराजू नाताळकडे झुकतो. मात्र इथे एक मर्यादा सांगायला हवी. सूर्य डिसेंबरच्या २१-२२ तारखेला दक्षिणेच्या टोकाला जाऊन त्याच वाटेने परत येतो. त्यामुळे सावली नेहमी दोन तारखा सांगते, एक जाताना आणि एक येताना. नोव्हेंबरची अखेर आणि जानेवारीचा मध्य यांत ती भेद करू शकत नाही, आणि साल तर ती कधीच सांगत नाही. दरवर्षी त्याच तारखेला ती त्याच जागी येते.

हीच गोष्ट पडताळ्याला उपयोगी पडली. गेल्या डिसेंबरच्या २७ तारखेला मित्र त्या जागी जाऊन उभा राहिला. फरशी आता वेगळी आहे, म्हणून त्याने कडेपासून टेपने मोजले. त्याची सावली फोटोतल्या प्रमाणात आणि कोनात आली तेव्हा घड्याळात साडेतीन वाजत होते. सूर्याचे तीन आणि घड्याळाचे साडेतीन कसे? आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावरचे. म्हैसूर त्याच्या पश्चिमेला सुमारे सहा अंश. दर अंशाला चार मिनिटे, म्हणजे म्हैसूरचा सूर्य घड्याळाच्या तेवीस-चोवीस मिनिटे मागे चालतो. उरलेली पाच-सात मिनिटे माझ्या चौकोन मोजण्यातली ढिलाई समजा. रस्ताही काटेकोर दक्षिणोत्तर नाही. म्हणून माझा निष्कर्ष मी असा लिहिला: "म्हैसूर, सयाजीराव रोड, देवराज मार्केटसमोर, हिवाळ्यात, दुपारी तीन ते चार."

हा कागद पाकिटात घालून मी आपल्या सहलप्रमुख सरांकडे नेला. सरांकडे सहलींच्या हिशेबाच्या वह्या अजून आहेत, हे मला ठाऊक होते, पण मुद्दामच आधी मागितल्या नव्हत्या. उत्तर आधी पाहिले की फरशीचे चौकोनही आपल्याला हवे तेवढेच भरतात. सरांनी चष्मा पुसून १९७२ ची वही उघडली. २७ डिसेंबर. सकाळी राजवाडा. दुपारी 'देवराज मार्केट, केळी व उदबत्ती'. सायंकाळी 'वृंदावन, तिकिटे'. वृंदावन बागेतले दिवे पाहायला अंधार पडायच्या आत वीसेक किलोमीटर जायचे, म्हणजे मंडळी चारच्या सुमारास मार्केटसमोरून हलली असणार. सर मला म्हणाले, "पन्नास वर्षांनी का होईना, तुझे भूमितीचे उत्तर बरोबर आले." मी त्यांच्या पाया पडलो.

तेव्हा ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर: फोटो तुमच्या जन्मानंतरचा आहे. तुम्ही तेव्हा जेमतेम दीड वर्षाच्या असाल. तुम्ही मला आणखी एक विचारले होते, की मामांच्या हातातल्या पुडक्यात काय आहे. ते मी पुष्कळ वाढवून पाहिले. कागद वर्तमानपत्राचा आहे आणि दोरा गुंडाळलेला आहे, एवढेच दिसते. आत काय आहे हे फोटो सांगत नाही, आणि जे तो सांगत नाही ते मी सांगणे बरोबर नाही. मात्र सरांच्या वहीत त्या दिवशी मामांच्या नावापुढे 'उचल रु. ३' अशी नोंद आहे. त्याची झेरॉक्स मी तुमच्यासाठी आणली आहे.

आता तुम्हा सगळ्यांना एक विनंती. समितीकडे अजून एकतीस फोटो गावाविना, तारखेविना पडून आहेत. घरी जे असतील तेही आणा. कडा कापून देऊ नका, कारण चेहरे मध्ये असतात पण पाट्या, छत्र्या आणि फरश्या कडेलाच असतात. अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, तसाच पानासकट आणा. मागे काही लिहायचे तर मऊ पेन्सिलीने लिहा, आणि जे आठवते ते आणि जे फोटोत दिसते ते वेगवेगळ्या ओळींत लिहा. ज्यांना म्हैसूरला जायचे असेल त्यांनी माझ्याकडून नकाशा घ्यावा, त्यावर ती दहा पावले खूण करून ठेवली आहेत. ताई या डिसेंबरात जाणार आहेत. तिकीट काढून झाले आहे.